सहा घरं, दोन पूल

‘टेक्निशियन उद्या दहा ते दोनच्या दरम्यान येईल.’ वॉशिंग मशिन बंद पडलेल्या घरात फोनवरून हे वाक्य आलं, की त्या घरातल्या एका माणसाचा अर्धा दिवस गेला असं समजायचं. कोणीतरी रजा टाकतं, कोणीतरी बँकेचं काम पुढे ढकलतं, आजी दुपारी डुलकी घेत नाहीत, कारण बेल ऐकू आली नाही तर काय करायचं? आणि दोन वाजून जातात. मग फोन लावला, की ‘मागच्या कॉलला वेळ लागला, निघतोच आहे’ हे उत्तर मिळतं. ते उत्तर बहुतेक वेळा खरं असतं. तरीही ग्राहकाला ते थाप वाटतं आणि सगळा राग दारात उभ्या राहणाऱ्या माणसावर निघतो. त्याच्या पाठीवर दहा किलोची पिशवी असते आणि त्याने जेवलेलं नसतं.

हा उशीर कुठे तयार होतो, याचा शोध घेत मी पुण्यात कोथरूडच्या बाजूला असलेल्या एका छोट्या सर्व्हिस सेंटरमध्ये काही दिवस बसले. तिथे चार टेक्निशियन आहेत, एक मालक आहेत आणि एक ताई आहेत. ताईंच्या हुद्द्याला ‘को-ऑर्डिनेटर’ म्हणतात. उद्या कोणता मुलगा, कोणत्या घरी, किती वाजता जाणार हे त्या ठरवतात. माझं मत आता पक्कं झालं आहे: दुपारी चार वाजता होणारा उशीर चार वाजता जन्मत नाही. आदल्या संध्याकाळी वेळा वाटताना जो हिशेब झालेला असतो, किंवा झालेलाच नसतो, त्यात तो आधीच असतो.

ताईंचं काम तक्रार आल्या क्षणी सुरू होतं. इथे प्रत्येक तक्रारीला ‘कॉल’ म्हणतात. कॉल म्हणजे फोन नव्हे, भेट. ‘आज सहा कॉल आहेत’ म्हणजे सहा घरं आहेत. कॉल नोंदवताना ताई पत्ता सगळ्यात शेवटी विचारतात. आधी विचारतात, डिस्प्लेवर काय दिसतंय? एका खूप खपणाऱ्या बनावटीच्या मशिनवर OE आलं तर पाणी बाहेर जात नाहीये, IE आलं तर पाणी आत येत नाहीये, UE म्हणजे ड्रममधला तोल जातोय, dE म्हणजे दार लागत नाहीये. दुसऱ्या कंपन्यांची अक्षरं वेगळी असतात, पण प्रत्येकीची काही ना काही असतात. मग पुढचे प्रश्न येतात. फ्रंट लोड की टॉप लोड? किती वर्षं झाली? मशिन कुठे आहे, बाथरूममध्ये, ड्राय बाल्कनीत की ओट्याखाली बसवलेलं? नुकतंच घर बदललंत का? लिफ्ट आहे का? आणि घरी नक्की कोण असणार, त्यांचा नंबर काय?

या प्रश्नांमागे सौजन्य आहेच, पण खरा हेतू कामाला लागणारा वेळ ताडण्याचा आहे. OE असेल तर बऱ्याचदा ड्रेन पंपाच्या जाळीत नाणं, हेअरपिन किंवा बाळाचा मोजा अडकलेला असतो. ते वीस मिनिटांचं काम असतं. पंपच गेला असेल तर पाऊण तास लागतो. UE आहे आणि घर नुकतंच बदललंय, तर मशिनचे पाय समतल नसतील, किंवा नेताना लावलेले ट्रान्झिट बोल्ट तसेच राहिले असतील. ते अर्ध्या तासात आटपतं. स्पिनला विमान उडाल्यासारखा आवाज येतोय आणि मशिन आठ वर्षांचं आहे, तर बेअरिंग. फ्रंट लोडचं बेअरिंग बदलायचं म्हणजे आख्खा टब बाहेर काढावा लागतो. दोन माणसं आणि तीन तास धरावे लागतात. ते काम पहिल्या भेटीत कधीच होत नाही. म्हणून ताई त्या भेटीला फक्त ‘बघणं’ म्हणून चाळीस मिनिटं देतात. ड्रम हाताने फिरवायचा, खेळ किती आहे बघायचं, मागे गंजाचा तपकिरी ओघळ आहे का तपासायचं, खर्च सांगायचा आणि निघायचं.

प्रत्येक कॉलला सरसकट ‘एक तास’ लावणाऱ्या सेंटरपेक्षा इथला पहिला फरक हाच आहे. वीस मिनिटांच्या कामाला तास दिला तर चाळीस मिनिटं वाया जातात, हे सगळ्यांना कळतं. तीन तासांच्या कामाला तास दिला तर त्या दिवशी पुढे नाव असलेल्या प्रत्येक घराची दुपार जाते, हे लवकर लक्षात येत नाही, कारण ती घरं एकमेकांना ओळखत नसतात.

कामाच्या वेळेत चाचणीही धरावी लागते. पीसीबी, म्हणजे मशिनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बदलायला वीस मिनिटं पुरतात. पण बदलल्यावर एक छोटं रिन्स-स्पिन चालवून पाहिल्याशिवाय उठायचं नसतं, आणि मशिन आपल्या गतीनेच चालतं, त्याला घाई करता येत नाही. शिवाय बिल, पैसे, ग्राहकाच्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाकून कॉल क्लोज करणं हे आलंच. उशीर झालेला मुलगा सगळ्यात आधी चाचणी गाळतो आणि तीन दिवसांनी त्याच घरून पुन्हा तक्रार येते. ती दुसरी भेट मग कोणाच्या तरी तिसऱ्याच्या वेळेवर जाऊन बसते.

आता प्रवास. नकाशाचं अ‍ॅप कोथरूडच्या आयडियल कॉलनीपासून कर्वेनगरपर्यंत दुचाकीला दहा-बारा मिनिटं दाखवतं. ताई पंचवीस लिहितात. मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “ते रस्त्यापासून रस्त्यापर्यंतचं सांगतात हो. मला दारापासून दारापर्यंतचं पाहिजे.” आणि मग त्यांनी मधलं सगळं उलगडलं. लिफ्ट खाली यायची, पिशवी गाडीला बांधायची, हेल्मेट, निघताना पुढच्या घरी फोन. तिथे पोचल्यावर सोसायटीचं गेट. वॉचमन वहीत नाव लिहून घेणार किंवा अ‍ॅपवर घरमालकाची परवानगी येईपर्यंत थांबवणार. गाडी बाहेर लावायची. चार विंग, त्यातली ‘सी’ सगळ्यात आत. पुन्हा लिफ्ट. यात दहा-बारा मिनिटं जातात आणि ती कोणताही नकाशा दाखवत नाही. मोठ्या टाऊनशिपमध्ये पंधराही जातात. अंतर कितीही कमी असलं तरी ही बारा मिनिटं कमी होत नाहीत, म्हणून ‘जवळच आहे, पाच मिनिटांत पोचेल’ असं ताई कुणाला सांगत नाहीत.

अंतराचं दुसरं फसवं रूप पुण्यात नदीमुळे दिसतं. कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. समोर मुठेच्या पलीकडे हिंगणे खुर्द. आपल्याकडे अनेक गावांच्या अशा जोड्या नदीच्या दोन तीरांवर आहेत. पडद्यावर ही दोन ठिकाणं खेटून दिसतात आणि दुसऱ्या शहरातल्या कॉल सेंटरमध्ये बसलेली मुलगी ती दोन्ही घरं एका टेक्निशियनला पाठोपाठ देते. पण इतकी वर्षं तिथून पलीकडे जायचं म्हणजे राजाराम पुलावरून वळसा घालून सिंहगड रोडला लागायचं. ताईंच्या डोक्यात म्हणून पत्ते पिनकोडप्रमाणे लावलेले नाहीत, ते पुलांप्रमाणे लावलेले आहेत. कर्वेनगरकडून सिंहगड रोडला जायला राजाराम पूल, वारजेकडून वडगावला जायला बायपासवरचा मुठेचा पूल. या दोन पुलांमुळे कोथरूड, कर्वेनगर, वारजे, वडगाव बुद्रुक, धायरी, आनंदनगर असा जवळजवळ एक गोल तयार होतो. पुढच्या हकीकतीत हा गोल महत्त्वाचा आहे.

घरं जवळजवळ घ्यावीत हे कोणालाही सुचेल. पण किती जवळ, आणि त्यासाठी ग्राहकाला किती दिवस थांबवावं? या प्रश्नाचं एक जुनं आणि आपल्याच देशातलं उत्तर आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये तागाखालच्या जमिनीचं नमुना सर्वेक्षण आखत होते. माणसं शेताशेतांतून फिरणार, तर नमुन्यातली शेतं वाढवली की त्यांची चाल किती वाढेल, हा त्यांच्यापुढचा खर्चाचा प्रश्न होता. त्यांनी मांडलं, की एका ठरावीक क्षेत्रात विखुरलेली ठिकाणं वाढली तर सगळ्यांना गाठणारी वाट त्या संख्येच्या साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पुढे १९५९ मध्ये बिअर्डवुड, हाल्टन आणि हॅमर्स्ली या तिघांनी याची गणिती सिद्धता दिली. आपल्या कामापुरता अर्थ सोपा आहे. त्याच भागात चारऐवजी सोळा घरं असतील तर एकूण फिरणं चौपट होत नाही, दुप्पट होतं. म्हणजे घरामागे होणारा प्रवास निम्म्यावर येतो.

ताईंनी महालनोबिसांचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण त्यांची वही तेच सांगत होती. सिंहगड रोडच्या तातडी नसलेल्या तक्रारी त्या एक-दोन दिवस साठवतात आणि एकाच दिवशी एका मुलाला देतात. धायरीच्या एका घरासाठी सोमवारी वेगळं जाणं, आणि बुधवारी वडगाव, आनंदनगरबरोबर जाणं, यात जवळजवळ एका कॉलचा वेळ वाचतो. पण वर्गमुळाचा हिशेब रस्त्याला लागू होतो, गेट-लिफ्टच्या बारा मिनिटांना नाही. म्हणून घरं खूप दाट झाली की फायदा आटत जातो आणि ग्राहकाला चौथा दिवस थांबवण्यात काही अर्थ उरत नाही. आणि साठवायचं काय, हेही बघावं लागतं. मशिनमध्ये पाणी भरलेलं आहे आणि दार उघडत नाही, किंवा घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे आणि रोज चादरी धुवायच्या आहेत, ते घर उद्याच. आवाज येतोय पण मशिन चालतंय, ते थांबू शकतं.

मग वेळा सांगायच्या. सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यावर होतं.

समजा प्रत्येक कॉल पाचांतून चार वेळा ठरल्या वेळेत संपतो. कौतुक करावं इतका चांगला टेक्निशियन. तरी सहाव्या घरी वेळेत पोचायचं तर आधीचे पाचही कॉल सुरळीत व्हायला हवेत, आणि तसं तीन दिवसांतून साधारण एकाच दिवशी घडतं. कोणी म्हणेल, एखादं काम लवकरही संपेल की, मग भरून निघेल. भरून निघत नाही. वीस मिनिटं आधी मोकळा झालेला मुलगा पुढच्या घरी फोन करतो, तर तिथल्या काकू मंडईत असतात. त्यांना साडेअकरा सांगितलेलं असतं. तो खाली गाडीवर बसून राहतो. उशीर मात्र पुढच्या घरी त्याच्याबरोबर जातो. म्हणूनच सरासरी वेळ धरून आखलेला दिवस सरासरीने संपत नाही, तो नेहमी उशिराच संपतो.

यावर ताईंचा उपाय असा, की दिवसभरातल्या सगळ्या घरांना सारख्या रुंदीची वेळ द्यायची नाही. पहिल्या घराला अर्धा तास: साडेनऊ ते दहा. त्याच्या आधी काहीच नाही, तिथे चूक व्हायला जागा कमी आहे. दुसऱ्याला पाऊण तास, तिसऱ्याला एक, चौथ्याला दीड, आणि पाचव्या-सहाव्याला दोन तास. घर जितकं मागे, तितका वेळेचा पट्टा रुंद. बाई नोकरीला जाणाऱ्या असल्या आणि त्यांना नेमकी वेळ हवी असली, तर त्यांना सकाळचं पहिलं घर द्यायचं. संध्याकाळी पाचची नेमकी वेळ कुणालाही द्यायची नाही, ती कुणीही पाळू शकत नाही.

हा पट्टा घरागणिक सारख्याच मापाने वाढवावा लागत नाही, याचं कारणही गणितात आहे. प्रत्येक टप्प्यावर पंधरा मिनिटं इकडेतिकडे होत असतील तर चार टप्प्यांनंतर चूक साठ मिनिटांची होत नाही, साधारण तीसची होते, कारण नेमक्या वेळेऐवजी पट्टा असला की थोडं जास्त आणि थोडं कमी एकमेकांना काही प्रमाणात खातात. याच कारणाने प्रत्येक कॉलला दहा-दहा मिनिटं जादा वाटून देण्यापेक्षा तोच वेळ एकत्र करून दुपारच्या जेवणाला जोडून रिकामा ठेवणं फायद्याचं ठरतं. वाटून दिलेली दहा मिनिटं ज्या घरी गरज नाही तिथे गप्पांत जातात. एकत्र ठेवलेला अर्धा तास ज्या दिवशी जिथे भोक पडेल तिथे लावता येतो. मात्र हे फक्त चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच खरं. जुलैत सकाळी अकराला पाऊस कोसळला की कोथरूडपासून धायरीपर्यंत सगळेच टप्पे एकदम लांबतात आणि कोणीच कोणाला खात नाही. त्या दिवसांसाठी ताई वेगळा हिशेब करत नाहीत, त्या सरळ एक घर कमी घेतात.

एका बुधवारचा दिवस मी त्यांच्या वहीतून जसाच्या तसा बघितला.

पहिलं घर कोथरूड, साडेनऊ. OE, पंपाचं काम, पंचेचाळीस मिनिटं. पुढे पंचवीस मिनिटांचा टप्पा. दुसरं कर्वेनगर, दहा चाळीस. टॉप लोड, IE, पाणी घेत नाही; अर्धा तास. पुन्हा पंचवीस मिनिटं. तिसरं वारजे, अकरा पस्तीस. बेअरिंगचा आवाज, फक्त बघणं, चाळीस मिनिटं; ग्राहकाला सांगितलेला पट्टा साडेअकरा ते साडेबारा. सव्वाबारा ते पावणेदोन या दीड तासात बायपासच्या पुलावरून वडगावपर्यंतचा अर्धा तास, जेवणाचा अर्धा तास आणि एक अर्धा तास पूर्ण रिकामा. चौथं घर वडगाव, पावणेदोन. पीसीबी आलेला आहे, पन्नास मिनिटं. पाचवं धायरी, तीन. UE, घर नुकतंच बदललेलं, चाळीस मिनिटं. सहावं आनंदनगर, चार दहा. दाराचं लॉक बदलायचं. तिथल्या बाई शाळेत शिक्षिका आहेत, साडेतीनच्या आधी घरी नसतात. चार पन्नासला काम संपतं. मुलाची ड्युटी साडेसहापर्यंत. मधला वेळ वहीत कोरा.

कर्वेनगरच्या घरी गडबड झाली. पाणी आत येत नव्हतं, कारण इनलेटची जाळी क्षाराने भरली होती. काम दहा मिनिटांचं. पण जाळी काढायची तर भिंतीवरचा अँगल कॉक बंद करायला हवा, आणि तो बंद करताच खोडातून पाणी गळायला लागलं. पंधरा वर्षांत तो कोणी फिरवलाच नव्हता. आता गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गच्चीची किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला, मग नवा कॉक आणायला कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात. पाण्याच्या मशिनच्या कामात असा उशीर नेहमीचाच. मशिनचं काम लांबण्याची कारणं बऱ्याचदा मशिनच्या बाहेर असतात: जुना नळ, ओट्यात घट्ट बसवलेली चौकट, अर्थिंग नसलेला प्लग.

मुलाने अकरा दहाला ताईंना फोन केला. हा फोन हाच इथल्या पद्धतीचा कणा आहे. काम संपल्यावर ‘उशीर झाला’ असा फोन चालत नाही. ठरलेली वेळ संपतेय आणि काम संपत नाहीये हे दिसताक्षणी फोन, आणि त्यात एकच गोष्ट सांगायची: अजून किती? तो म्हणाला, “मॅडम, एक तास तरी जाईल.” ताईंनी बारा दहा धरला नाही, वीस मिनिटं वाढवून साडेबारा धरला. मुलं नेहमी कमी सांगतात, कारण ओरडा बसेल अशी भीती असते. म्हणून या सेंटरमध्ये लांबलेल्या कॉलबद्दल कुणाला बोल लावला जात नाही, न कळवल्याबद्दल लावला जातो. हा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटला. खरा आकडा वेळेत मिळाला नाही तर वही कितीही सुंदर असली तरी उपयोग नाही.

आता पर्याय. सरळ क्रम चालू ठेवला तर वारज्याला बाराच्या पुढे पाऊण-एकला पोचणार, पट्टा चुकणार. ताईंनी अकरा पंधराला वारज्याला फोन केला, म्हणजे पट्टा सुरू व्हायच्या आधी. तिथल्या काकांना एक वाजता डॉक्टरकडे जायचं होतं. दोन वेळा जुळणं शक्य नव्हतं. ताईंनी विचारलं, “काका, संध्याकाळी पाच ते सहा चालेल का? चालत नसेल तर शनिवारी सकाळचं पहिलं घर तुमचं.” मशिन चालू होतं, फक्त आवाज येत होता. काका संध्याकाळला तयार झाले.

आणि इथे तो गोल कामाला आला. वारजे वगळलं तर बायपासच्या पुलाने जायचं कारणच उरत नाही. कर्वेनगरहून राजाराम पूल ओलांडून सिंहगड रोड, तिथे जेवण, मग वडगाव. काम प्रत्यक्षात बारा वीसला संपलं. वडगावला मुलगा दीड वाजता हजर, पट्टा दीड ते तीनचा होता. दोन वीसला तिथून निघाला, पावणेतीनला धायरी. पाय समतल करून, ट्रान्झिट बोल्ट काढून तीन पंचवीसला मोकळा. तीन पंचावन्नला आनंदनगर, शिक्षिका बाई घरी आलेल्या. चार पस्तीसला तिथून निघून वारजे, पाच दहा. बेअरिंगच होतं. पाच पन्नासला कॉल संपला आणि वारज्याहून कोथरूडला घरी जायला रस्ता सरळच.

सत्तर मिनिटांचा उशीर झाला आणि सहापैकी एका घराची वेळ बदलली, तीही विचारून. आनंदनगर आधी घ्यावं, वाटेतच आहे, असा मोह कोणालाही झाला असता, पण तिथे साडेतीनपर्यंत दार बंद होतं. बंद दारापर्यंत जाणं ही या धंद्यातली सगळ्यात महागडी फेरी. त्यात वेळ दोन्ही बाजूंनी जातो. म्हणून ताई आदल्या संध्याकाळी सात ते आठमध्ये प्रत्येक घरी फोन करतात, आणि तक्रार करणाऱ्याला नाही, घरी असणाऱ्याला करतात. तक्रार नोंदवणारा मुलगा हिंजवडीत ऑफिसात असतो, दार उघडणारी त्याची आई असते आणि तिला कधीकधी काहीच ठाऊक नसतं.

मालकांचा आक्षेप मी लपवणार नाही. दुपारचा अर्धा तास आणि संध्याकाळचा दीड तास मोकळा ठेवण्याऐवजी आणखी दोन कॉल बसतात, आणि पैसे कॉलवर मिळतात. चार मुलांचे रोजचे आठ कॉल म्हणजे थोडी रक्कम नाही. ताईंनी त्यांना वाद घालून पटवलं नाही. एक महिना आठ घरांनी आखला आणि सातवं-आठवं घर दुसऱ्या दिवशी किती वेळा ढकललं गेलं ते लाल पेनाने खुणावलं. महिन्याअखेर मालकांनी वही चाळली आणि सहावर आले. दिवस सुरळीत गेला तर दुपारी तीनला, मुलगा ज्या भागात असेल त्याच भागातलं एखादं थांबलेलं घर फोन करून घ्यायचं, असं ठरलं. ‘आजच जमलं तर येऊ, नाहीतर ठरलेल्या दिवशी’ हे ऐकून कुणाचा हिरमोड होत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणेबद्दल माझं म्हणणं यावरूनच आहे. तिथे तक्रार किती तासांत ‘क्लोज’ झाली यावर गुण दिले जातात, ग्राहक किती तास थांबला यावर कुणी गुण देत नाही. मग दहा ते दोनचा पट्टा सगळ्यांना सारखा वाटला जातो, कारण त्यात चूक ठरणं अवघड असतं. चार तास ग्राहकाचे जातात आणि यंत्रणेच्या कागदावर ते कुठेच खर्च म्हणून दिसत नाहीत. टेक्निशियनला कॉलमागे पैसे मिळत असतील तर तो जवळची, सोपी घरं आधी उरकतो आणि बेअरिंगवाल्या काकांचा नंबर रोज शेवटी लागतो. त्या माणसाचा दोष नाही. त्याला दिलेला हिशेबच तसा आहे.

वारज्याच्या काकांचं पुढचं काम बुधवारी संध्याकाळीच आखायला घेतलं. त्यांना टब खोलायचा दिवस हवा होता. उद्याच करा, ते म्हणाले. ताईंनी गुरुवार नाकारला. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी वीज आणि पाणी बंद ठेवायचं तर तो वार बहुधा गुरुवारच असतो, आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा व कमी दाबाने येईल ही सूचना वर्तमानपत्रात ठरलेली. बेअरिंग बदलून चाचणी न करता मशिन लावून ठेवणं ताईंना मान्य नव्हतं. शिवाय सील आणि बेअरिंगचा जोड शुक्रवारी दुपारपर्यंत येणार होता. शनिवार, सकाळी साडेनऊ ते दहा, दोन मुलं, तीन तास. मागे त्या दोघांना एकेकच घर, दुपारी अडीचनंतर. वहीत नाव लिहून झाल्यावर त्यांनी काकांना एवढंच विचारलं, की शुक्रवारी रात्री मशिनमागची जागा मोकळी करून ठेवता येईल का, आणि भिंतीवरचा अँगल कॉक आजच एकदा फिरवून बघाल का.